बाळंतपणाआधीचे आजारपण : रजा कोणत्या खात्यात मांडायची?

नोकरी करणाऱ्या महिलेला बाळंतपणासाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण सहाव्या-सातव्या महिन्यातच रक्तस्राव झाला किंवा रक्तदाब चढला आणि डॉक्टरांनी कामावर जायला मनाई केली, तर ते दिवस कोणत्या रजेत धरायचे हे घरात कोणाला ठाऊक नसते आणि अनेकदा कार्यालयातही नसते. मग एचआरकडून सोपे उत्तर येते, ‘मॅटर्निटी लीव्ह आजपासूनच सुरू करू या.’ त्या क्षणी ते दिलासा देणारे वाटते. प्रत्यक्षात ते कायद्याला धरून नाही आणि त्याची किंमत बाळ हातात आल्यावर मोजावी लागते.

कायद्याने बाळंतपणाच्या रजेला पुढून एक कुंपण घातलेले आहे. पहिल्या दोन अपत्यांसाठी मिळणाऱ्या २६ आठवड्यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. दोन मुले हयात असताना पुढचे बाळंतपण असेल, तर एकूण रजा १२ आठवडे आणि आधीची मर्यादा सहा आठवडे. म्हणजे साधारण बत्तिसावा आठवडा पूर्ण होण्यापूर्वी ही रजा सुरूच होत नाही. त्याआधी आजारपण आले तर त्यासाठी वेगळी तरतूद आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या कलम १० नुसार गरोदरपणामुळे उद्भवलेल्या आजारासाठी, पुरावा दिल्यावर, बाळंतपणाच्या रजेव्यतिरिक्त जास्तीत जास्त एक महिन्याची रजा त्याच दराने पगारासह मिळते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने या कायद्याची जागा घेतली आहे. तिच्या कलम ६५ मध्ये ही तरतूद जवळपास तशीच आहे. २६ आठवडे, आठ आठवडे आणि एक महिना हे आकडे बदललेले नाहीत. दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा खासगी आस्थापनांना ते लागू होतात.

या एका महिन्याची माहिती नसल्यामुळे किंवा त्यासाठी लागणारा कागद नीट नसल्यामुळे तो बहुतेक वेळा वाया जातो. काय घडते ते एका उदाहरणातून पाहू.

समजा, पुण्यातील एका खासगी कंपनीत हिशेब विभागात काम करणारी ३१ वर्षांची महिला आहे. पहिलेच बाळंतपण. शेवटची पाळी १३ नोव्हेंबरला आली, त्यावरून प्रसूतीची अपेक्षित तारीख २० ऑगस्ट निघते. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार खाली असल्याचे दिसले होते. डॉक्टरांनी तेव्हा फार काळजी करू नका असे सांगितले, आणि ते बरोबरच होते. गर्भाशयाचा खालचा भाग पुढच्या महिन्यांत वाढत जातो, तशी अनेक जणींची वार आपसूक वर सरकते. या महिलेची सरकली नाही. १४ मे रोजी, बरोबर २६ आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी, न दुखता लाल रक्तस्राव झाला. तपासणीत वार गर्भाशयाच्या तोंडावरच असल्याचे दिसले. याला प्लासेंटा प्रिव्हिया म्हणतात. तीन दिवस रुग्णालयात ठेवल्यावर रक्तस्राव थांबला आणि १७ मे रोजी तिला घरी सोडले. प्रवास नको, वजन उचलणे नको, बराच वेळ उभे राहणे नको, रुग्णालयापासून लांब जायचे नाही आणि थोडे जरी रक्त दिसले तरी लगेच दाखल व्हायचे, अशा सूचना मिळाल्या. पुढे रक्तस्राव झाला नाही तर ३६ ते ३७ आठवड्यांच्या सुमारास सिझेरियन करावे लागेल, हेही सांगितले.

आता रजेचा हिशेब. अपेक्षित तारीख २० ऑगस्ट, त्यातून आठ आठवडे मागे गेले की २५ जून येतो. बाळंतपणाची रजा लवकरात लवकर त्या दिवशी सुरू होऊ शकते. १४ मे ते २४ जून हे ४२ दिवस उरले. यांतील पहिला महिना, म्हणजे १४ मे ते १३ जून, गरोदरपणातील आजाराच्या रजेत बसतो. १४ ते २४ जून हे अकरा दिवस तिला आपल्या खात्यावरच्या आजारी रजेतून किंवा हक्काच्या रजेतून काढावे लागतील. त्या संपलेल्या असतील तर बिनपगारी.

२५ जूनपासून २६ आठवडे मोजले की ती २४ डिसेंबरला कामावर रुजू होईल. सिझेरियन ३७ आठवड्यांना, ३० जुलैला झाले, तर त्या दिवशी बाळ २१ आठवड्यांचे असेल. याउलट कंपनीने १४ मेपासूनच बाळंतपणाची रजा लावली असती, तर २६ आठवडे १२ नोव्हेंबरलाच संपले असते आणि बाळ १५ आठवड्यांचे असताना तिला कामावर यावे लागले असते. आजार तोच आणि दिवसही तेच, पण रजेला दिलेल्या नावामुळे सहा आठवड्यांचा फरक पडला.

‘हा जादा महिना बाळंतपणाची रजा संपल्यावरच मिळतो,’ असे काही कार्यालयांत ठासून सांगितले जाते. कायद्यात तसे म्हटलेले नाही. तिथे शब्द आहेत ते गरोदरपण, प्रसूती, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, गर्भपात आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया यांमुळे झालेल्या आजाराचे. गरोदरपणातला आजार गरोदरपणातच होणार, त्याची रजा सात महिन्यांनी घ्या असे म्हणण्याला अर्थ नाही. मात्र हा महिना एकदाच मिळतो. आधी पूर्ण वापरला तर नंतर पुन्हा मागता येत नाही. त्यामुळे ज्यांच्या खात्यावर भरपूर आजारी रजा साठलेली आहे, त्यांनी ती आधी वापरून हा महिना मागे ठेवावा का, असा प्रश्न पडतो. या उदाहरणातल्या महिलेने तरी तसे करू नये. ही रजा आईच्या आजारपणासाठी आहे. बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मून नवजात अतिदक्षता विभागात राहिले आणि आई ठणठणीत असेल, तर केवळ बाळाच्या कारणाने ती मिळेलच असे नाही. आज हातात सोनोग्राफी आणि डिस्चार्ज कार्ड असा पक्का पुरावा असताना ती वापरणे शहाणपणाचे.

तारीख कोणत्या कागदावरची?

हा सगळा हिशेब २० ऑगस्ट या एका तारखेवर उभा आहे, आणि नेमका तिथेच घोळ होतो. गरोदरपणात चार-पाच सोनोग्राफी होतात आणि जवळजवळ प्रत्येक अहवालावर ‘ईडीडी’ म्हणून वेगळी तारीख छापलेली असते. या महिलेच्या बाराव्या आठवड्याच्या अहवालावर २२ ऑगस्ट होती, तर १४ मेच्या अहवालावर २९ ऑगस्ट. एचआर विभागाने साहजिकच सर्वांत ताजा अहवाल उचलला आणि आठ आठवडे मागे जाऊन ४ जुलै ही तारीख काढली. त्यामुळे आपल्या खात्यातून भरायचे दिवस अकराचे वीस झाले.

यंत्र चुकलेले नाही, पण त्या तारखेचा अर्थ वेगळा आहे. पहिल्या तीन महिन्यांत सगळे गर्भ जवळपास एकाच वेगाने वाढतात. त्यामुळे अकरा ते तेराव्या आठवड्यात डोक्यापासून पार्श्वभागापर्यंतची लांबी मोजून काढलेले वय पाच ते सात दिवस इकडे-तिकडे इतके अचूक असते. पुढे प्रत्येक बाळ आपापल्या अंगकाठीने वाढते. नंतरच्या महिन्यांत डोके, पोट आणि मांडीच्या हाडाच्या मापावरून संगणक जी तारीख छापतो, ती ‘या मापाचे सरासरी बाळ किती दिवसांचे असते’ एवढेच सांगते. शेवटच्या तिमाहीत हा अंदाज तीन-चार आठवड्यांनीही चुकू शकतो. बाळाची वाढ कमी होत असेल तर ते वयाने लहान असल्यासारखे दिसते आणि तारीख पुढे जाते. म्हणजे ज्या गरोदरपणात धोका जास्त, त्याच गरोदरपणात कागदावरची तारीख फसवी होण्याची शक्यताही जास्त.

म्हणून डॉक्टर शेवटच्या पाळीवरून काढलेली तारीख पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीशी ताडून पाहतात. नवव्या आठवड्यानंतरच्या सोनोग्राफीत फरक सात दिवसांपेक्षा अधिक असेल तरच तारीख बदलतात, नाहीतर पाळीचीच कायम ठेवतात. इथे फरक दोनच दिवसांचा होता, म्हणून २० ऑगस्ट कायम. एकदा ठरलेली ही तारीख पुढच्या सोनोग्राफीने बदलत नाही. रजेच्या कागदात हीच तारीख यायला हवी. त्यासाठी डॉक्टरांनी दाखल्यात ‘पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीने पडताळलेली प्रसूतीची अपेक्षित तारीख २० ऑगस्ट’ असे एक वाक्य लिहिले की पुढचा वाद मिटतो. अर्जाला सोनोग्राफीचा अहवाल जोडायचाच असेल तर बाराव्या आठवड्याचा जोडावा, सगळी फाइल नव्हे.

दाखल्यात काय असावे?

केसपेपरवर खरडलेले ‘रेस्ट’ म्हणजे दाखला नव्हे. तो डॉक्टरांनी रुग्णाला दिलेला सल्ला आहे, मालकाला दिलेले प्रमाणपत्र नाही. रजेसाठी स्वतंत्र दाखला मागावा लागतो. त्यात महिलेचे नाव, तपासणीची तारीख, त्या दिवशी किती आठवडे पूर्ण झाले, अपेक्षित तारीख, कामावर न जाण्याचा कालावधी ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन्ही तारखांसह, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक असावा. आणि एक वाक्य हवेच : हा आजार गरोदरपणामुळे उद्भवलेला आहे. हे वाक्य नसेल तर तोच दाखला साध्या आजारी रजेचा ठरतो, आणि पगारपत्रक करणारा माणूस दिवस आजारी रजेतून वळते करतो. त्यात त्याचा दोष नसतो. त्याच्यासमोरच्या कागदावर तेवढेच लिहिलेले असते.

‘संपूर्ण बेडरेस्ट’ हे शब्द लिहून घेण्याचा आग्रह अनेक नातेवाईक धरतात, कारण ते वजनदार वाटतात. त्याची गरज नाही. दिवसभर अंथरुणात पडून राहिल्याने अपुऱ्या दिवसांची प्रसूती टळते, असे अभ्यासांतून दिसून आलेले नाही. उलट पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि स्नायूंची ताकद घटते. त्यामुळे आता बरेच स्त्रीरोगतज्ज्ञ असा सल्ला सरसकट देत नाहीत, घरातल्या घरात हालचाल चालू ठेवायला सांगतात. दाखल्यासाठी ‘कामावर जाण्यास असमर्थ’ आणि त्यामागचे कारण पुरेसे आहे. या महिलेच्या बाबतीत कारण अगदी स्पष्ट आहे. रक्तस्राव पुन्हा कधीही होऊ शकतो आणि तेव्हा ती तासभराच्या बसप्रवासात किंवा वाहतूक कोंडीत अडकलेली असता कामा नये.

डॉक्टर सहसा एकदम सहा आठवड्यांचा दाखला देत नाहीत, आणि तेही योग्यच. पंधरा-वीस दिवसांनी तपासून पुढचा देतात. इथे पहिला दाखला १४ ते ३१ मे आणि दुसरा १ ते २४ जून असा असेल. दोन दाखल्यांमध्ये एकाही दिवसाची फट राहू देऊ नये. ३१ तारखेला रविवार आला, डॉक्टर सोमवारी भेटले आणि दुसरा दाखला मंगळवारपासूनचा लिहिला गेला, तर मधला सोमवार विनापरवाना गैरहजेरी म्हणून पडतो. मागची तारीख टाकून दाखला मागणे हा त्यावरचा उपाय नाही. डॉक्टर आजची तारीख टाकून ‘रुग्ण अमुक दिवसापासून माझ्या उपचाराखाली आहे’ असे नोंदींच्या आधारे लिहू शकतात, आणि तेवढे पुरते. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी दिलेल्या दाखल्यांची नोंदवही ठेवायची असते आणि प्रत्येक दाखल्याची प्रतही. त्याच नियमांनुसार रुग्णाने मागितलेल्या वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात. डिस्चार्ज कार्ड हरवले, दाखला गहाळ झाला, तर याचा उपयोग होतो.

कार्यालयाला कळवताना

रक्तस्राव झाला त्या दिवशी आधी रुग्णालय, कार्यालय नंतर. पहिल्या दिवशी पतीने किंवा भावाने वरिष्ठांना फोन किंवा व्हॉट्सअॅप संदेश केला तरी चालतो. पण तो नुसता निरोप झाला. व्हॉट्सअॅपवरचे ‘टेक केअर’ म्हणजे रजा मंजूर झाली असे नव्हे, आणि वरिष्ठांची बदली झाली की त्या निरोपाचा माग लागत नाही. दाखला हातात आल्यावर, शक्यतो त्याच दिवशी, एचआर आणि वरिष्ठ दोघांना एकच ईमेल जावा. कारखान्यात किंवा दुकानात ईमेलची पद्धत नसेल तर लेखी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. ती मिळत नसेल तर स्पीड पोस्टने पाठवून पावती जपावी.

मजकूर लांबलचक नको. या महिलेचा अर्ज असा असू शकतो :

*विषय : गरोदरपणामुळे उद्भवलेल्या आजारासाठी रजा, १४ मे ते २४ जून*

*मी सध्या गरोदर असून प्रसूतीची अपेक्षित तारीख २० ऑगस्ट आहे. गरोदरपणातील गुंतागुंतीमुळे मी १४ ते १७ मे या काळात रुग्णालयात दाखल होते. डॉक्टरांनी मला कामावर जाण्यास मनाई केली आहे. पहिला दाखला ३१ मेपर्यंतचा असून तो सोबत जोडला आहे. पुढचा दाखला मुदत संपण्यापूर्वी पाठवीन.*

*१४ मे ते १३ जून ही रजा मातृत्व लाभ कायद्याच्या कलम १० / सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम ६५ नुसार गरोदरपणातील आजाराची रजा म्हणून, आणि १४ ते २४ जून ही माझ्या खात्यावरील आजारी रजा म्हणून धरावी, ही विनंती. बाळंतपणाची रजा २५ जूनपासून घेण्याचा माझा मानस आहे. त्याची विहित नमुन्यातील सूचना स्वतंत्रपणे देत आहे.*

*रजा वरीलप्रमाणे नोंदवल्याचे कृपया लेखी कळवावे.*

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. आजाराचे नाव अर्जात नाही, ते दाखल्यात आहे. दाखला एचआरकडे जातो, अर्ज मात्र चार टेबलांवरून फिरतो. विभागातल्या सगळ्यांना वार कुठे आहे हे कळण्याचे कारण नाही. वरिष्ठांना पाठवायच्या प्रतीत दाखला जोडला नाही तरी चालते. दुसरे म्हणजे, कोणते दिवस कोणत्या रजेत हे तिने स्वतःच लिहिले आहे. ते लिहिले नाही तर ठरवणारा दुसराच कोणीतरी असतो. नंतर, महिनाअखेरीला पगाराची पावती आली की रजेचा रकाना तपासावा. चूक जूनमध्ये दुरुस्त होते, डिसेंबरमध्ये तिच्यावरून भांडण होते.

आजाराच्या रजेत असताना ‘घरबसल्या थोडे बघून दे’ अशी विनंती हमखास येते. एखाद्या पासवर्डचे उत्तर देणे निराळे. पण रोज दोन तास ताळेबंद जुळवत बसले, तर कामासाठी असमर्थ असल्याचा दाखला आणि पाठवलेले ईमेल एकमेकांच्या विरोधात उभे राहतात. घरून काम खरोखर जमण्यासारखे असेल, डॉक्टरांची हरकत नसेल आणि कंपनी तयार असेल, तर तसे लेखी ठरवून घ्यावे. मग ते दिवस रजेचे नव्हेत, कामाचे. अनेक जणींना हे सोयीचे पडते, कारण जादा महिना शिल्लक राहतो.

नोकरी नवी असेल तर आणखी एक तपासणी आवश्यक आहे. बाळंतपणाचा लाभ मिळण्यासाठी अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. हीच महिला २ फेब्रुवारीला रुजू झाली असती, तर १३ मेपर्यंत १०१ दिवस होतात. सहा दिवसांचा आठवडा असेल तर रविवार वगळून ८७ दिवस भरतात. पाच दिवसांचा असेल तर ७३ च्या आसपास, म्हणजे अट हुकण्याची वेळ. कायद्याने पगारी ठरवलेल्या सुट्या या ८० दिवसांत धरल्या जातात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा वाढतो. असे काठावरचे प्रकरण असेल तर हजेरीपत्रकाचा उतारा लगेच मागून घ्यावा. उलट बाजूने एक भीती निराधार आहे. बिनपगारी रजा झाली म्हणून बाळंतपणाच्या रजेतला पगार कमी होत नाही. तो रजेआधीच्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांच्या सरासरी रोजच्या वेतनावर ठरतो.

ज्यांचा मार्ग वेगळा आहे

महिन्याला २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या आणि राज्य कामगार विमा योजनेत म्हणजे ईएसआयमध्ये असलेल्या महिलांना हे पैसे मालक देत नाही, विमा महामंडळ देते. तिथेही गरोदरपणातील आजारासाठी जादा एक महिना आहे, पण शब्दाचे महत्त्व आणखी वाढते. साध्या आजारपणाचा लाभ वेतनाच्या ७० टक्के मिळतो, तर बाळंतपणाचा आणि त्याला जोडून येणाऱ्या या महिन्याचा पूर्ण वेतनाच्या दराने. विमा दवाखान्यात दाखला घेताना आजार गरोदरपणामुळे असल्याची नोंद झाली की नाही, हे खिडकी सोडण्यापूर्वीच वाचावे. खासगी रुग्णालयात उपचार घेतले असतील तर तिथले कागद घेऊन विमा वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लवकर जावे. कार्यालयाला मात्र रजेची सूचना स्वतंत्रपणे द्यावीच लागते.

सरकारी नोकरीत त्या-त्या सेवेचे रजा नियम चालतात. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची प्रसूती रजा आहे. त्याआधीच्या आजारपणासाठी वैद्यकीय दाखल्यावर परिवर्तित रजा किंवा अर्जित रजा घेऊन ती प्रसूती रजेला जोडली जाते. परिवर्तित रजेत पगार पूर्ण मिळतो, पण खात्यातून अर्धवेतनी रजा दुप्पट वजा होते, हे अर्जापूर्वी लक्षात घ्यावे.

आणि जिथे आजार इतका गंभीर नाही, पण कामच अंगमेहनतीचे किंवा तासन्‌तास उभे राहण्याचे आहे, तिथे रजेऐवजी हलके काम मागता येते. प्रसूतीआधीच्या सहा आठवड्यांच्या मागचा एक महिना, आणि त्या सहा आठवड्यांत ती कामावर असेल तर तेव्हाही, महिलेने मागणी केल्यावर मालकाला असे काम देता येत नाही आणि त्यापोटी पगारही कापता येत नाही. विणकाम, पॅकिंग, दुकानातला काउंटर इथल्या महिलांना याचा उपयोग जास्त होईल.

ठरल्याप्रमाणे झाले नाही तर

वार खाली असताना ठरलेल्या तारखांवर फार विसंबता येत नाही. बत्तिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ती वर सरकलेली दिसली आणि रक्तस्रावही पुन्हा झाला नाही, तर डॉक्टर कामावर जायला परवानगी देऊ शकतात. मग तंदुरुस्तीचा दाखला देऊन रुजू व्हावे आणि बाळंतपणाची रजा नंतर सुरू करावी. २५ जून ही लवकरात लवकरची तारीख आहे, त्या दिवशी सुरू केलीच पाहिजे असे नाही. प्रसूतीआधी वाचवलेला प्रत्येक आठवडा प्रसूतीनंतर मिळतो.

दुसरी शक्यता अधिक कठीण. समजा ११ जूनला, ३० आठवड्यांना, जोराचा रक्तस्राव होऊन तातडीने सिझेरियन करावे लागले. तेव्हा ती आजाराच्या रजेवर आहे, बाळंतपणाची रजा सुरू व्हायला दोन आठवडे बाकी आहेत आणि विहित नमुन्यातली सूचना भरून ठेवलेलीही नसेल. हक्क बुडत नाही. प्रसूतीच्या दिवसापासून बाळंतपणाची रजा सुरू होते आणि २६ च्या २६ आठवडे पुढे मिळतात. गरोदरपणात सूचना देता आली नाही तर ती प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर देता येते. सूचना राहिली एवढ्या कारणाने लाभ नाकारता येत नाही. या काळात आलेला नोकरीवरून कमी केल्याचा आदेशही कायद्याने बेकायदा ठरतो, आणि त्याविरुद्ध कामगार आयुक्त कार्यालयात दाद मागता येते. अर्ज, पोच, दाखले आणि पगाराच्या पावत्या तारखेच्या क्रमाने लावलेल्या असतील तर तिथे फार बोलावे लागत नाही.

प्रसूतीआधीच्या काळाचे पैसे गरोदर असल्याचा पुरावा दिल्यावर आगाऊ द्यायचे असतात. प्रसूतीनंतर रुग्णालयाचा प्रसूतीचा दाखला दिला की उरलेली रक्कम ४८ तासांत देणे मालकावर बंधनकारक आहे. त्या दिवसांत आई अतिदक्षता विभागाच्या दारात असेल, तर हा दाखला पोहोचवून पोच घेण्याचे काम घरातल्या एका माणसाने आपल्याकडे घ्यावे.